तोंड-डोळे कोरडे, त्यात एएनए पॉझिटिव्ह: पुढची टेस्ट करायची की नाही?

प्रश्न: डॉक्टर, मी ४६ वर्षांची आहे, कांदिवलीला राहते, नोकरी बीकेसीत, दिवसभर एसी आणि कॉम्प्युटर. आठ-नऊ महिने झाले तोंड आणि घसा सारखा सुकतो, रात्री दोनदा उठून पाणी प्यावं लागतं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं कचकच होतं. चपाती किंवा खारी पाण्याशिवाय खाली उतरत नाही. यंदा दोन दाढा किडल्या. शिंकांसाठी तीन वर्षं रोज रात्री सेट्रीझिन घेते. फॅमिली डॉक्टर म्हणाले एसीचा आणि वयाचा परिणाम आहे. मग मी स्वतःच एक पॅकेज केलं, त्यात एएनए पॉझिटिव्ह १:८० आली. आता झोप उडालीय, लुपस असेल का? मिस्टर म्हणतात असले आजार बरे होतच नाहीत, मग टेस्ट करून काय उपयोग?

उत्तर:

ताई, आधी त्या एएनएचं बोलू, कारण झोप तिने उडवलीय. १:८० हा आकडा लहान आहे. शंभर धडधाकट माणसांचं रक्त तपासलं तर दहा-बाराजणांची एएनए या पातळीला पॉझिटिव्ह येते, आणि त्यांना काहीही झालेलं नसतं. बायकांमध्ये आणि वय वाढेल तसं हे प्रमाण आणखी जास्त. एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या गाभ्याला चिकटणारी अँटीबॉडी रक्तात आहे की नाही एवढंच बघणारी टेस्ट, ती कुठल्या आजाराची आहे हे ती सांगत नाही. लुपसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती शरीरावर उलटते, आणि लुपस म्हणायला सांधे, त्वचा, किडनी, रक्तपेशी असं काहीतरी सोबत बिघडलेलं लागतं, तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. त्यामुळे लुपसची भीती बाजूला ठेवा.

पण म्हणून तुमचा कोरडेपणा एसीचा आणि वयाचाच आहे असंही मी म्हणणार नाही. पत्रात दोन गोष्टी अशा आहेत ज्या मला एसीच्या खात्यात टाकायला जड जातात. एक म्हणजे चपाती पाण्याशिवाय उतरत नाही, दुसरी म्हणजे एका वर्षात दोन दाढा. एसीने घसा खरवडल्यासारखा होतो, ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात, पण जेवताना लाळ सुटतेच, कारण चावायला लागलो की ग्रंथी कामाला लागतात. जेवतानासुद्धा लाळ पुरत नसेल तर ग्रंथीच कमी लाळ बनवतायत असा अर्थ होतो. आता ती का कमी बनतेय हा खरा प्रश्न आहे, आणि तुमच्या बाबतीत त्याची निदान दोन उत्तरं संभवतात, त्यातलं एक तुम्ही रोज रात्री गिळताय.

सेट्रीझिनने तोंड कोरडं पडू शकतं. जुन्या सर्दीच्या गोळ्यांइतकं नाही, पण रोज, तीन वर्षं, आणि तेही रात्री जेव्हा लाळ मुळातच कमी असते, तेव्हा फरक पडतो. त्यात शिंका म्हणजे नाक चोंदलेलं असणार, नाक चोंदलं की रात्री तोंडाने श्वास, आणि सकाळी जीभ टाळूला चिकटलेली. इथे प्रत्येक वाचकाने आपल्या गोळ्यांचा डबा एकदा काढून बघावा. झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या, लघवी सारखी लागते म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनासिन, सर्दीच्या मिक्स गोळ्यांमधलं क्लोरफेनिरामिन, बीपीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, ही सगळी तोंड सुकवणारी मंडळी आहेत. मात्र बीपीची किंवा मनाच्या आजाराची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारून दुसरी मिळते का ते बघायचं.

तुमचं सेट्रीझिन मात्र थांबवून बघता येईल. फॅमिली डॉक्टरांना सांगा की तीन आठवडे गोळी बंद करून त्याऐवजी नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे वापरून बघू का, शिंकांवर तो गोळीपेक्षा चांगलाच चालतो आणि तोंड सुकवत नाही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, वर्षानुवर्षं घेतलेलं सेट्रीझिन अचानक सोडल्यावर काही लोकांना पहिले काही दिवस अंगाला जोरात खाज सुटते. तसं झालं तर घाबरू नका, आणि खाज फारच असेल तर डॉक्टरांना विचारा, ते हळूहळू सोडायला सांगतील. तीन आठवड्यांनी तोंड बऱ्यापैकी ओलं झालं तर तुमचं निम्मं उत्तर मिळालं. याच काळात एचबीएवनसी करून घ्या, रात्री उठून पाणी पिणाऱ्या ४६ वर्षांच्या माणसाची शुगर बघितल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

एसीचीही परीक्षा घेता येते आणि मुंबईत ती सोपी आहे. आपल्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. गणपतीला गावी गेला असाल, आठ दिवस ना एसी ना स्क्रीन, तर तेव्हा कसं होतं ते आठवा. तिथेही मोदकाबरोबर पाणी लागलं असेल, डोळे सकाळी उघडताना चिकटत असतील, तर दोष हवेचा नाही. आणि तिथे चार दिवसांत सगळं छान झालं असेल तर ते डोळ्यांचं स्क्रीनमुळे पापण्या कमी मिटणं आणि घशाचं एसी, एवढंच असू शकतं. ही आठवण तुमच्या डॉक्टरांना नक्की सांगा, रिपोर्टपेक्षा कधीकधी ती जास्त कामाची असते.

आता ज्या आजाराबद्दल तुम्ही न लिहिता विचारताय त्याच्याकडे येते. लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर आपलीच प्रतिकारशक्ती हल्ला करते त्याला शोग्रेन म्हणतात, हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९३३ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला म्हणून हे नाव. दहापैकी नऊ पेशंट बायका असतात आणि बहुतेकींना चाळिशी-पन्नाशीतच कळतं, म्हणजे नेमकं त्या वयात ज्या वयात कोरडेपणाचं सगळं खापर पाळी जाण्यावर फुटतं. म्हणूनच कितीतरी जणी वर्षानुवर्षं पाण्याची बाटली घेऊन फिरतात आणि टेस्टपर्यंत पोचतच नाहीत.

मग टेस्ट कधी करायची? मी असा विचार करते. डोळे आणि तोंड दोन्ही रोज कोरडे, तीन महिन्यांच्या वर, आणि गोळ्या, शुगर, नाक चोंदणं हे सगळं बघूनही खुलासा होत नाही, तर करायची. तीन महिने आणि रोज, हे शब्द महत्त्वाचे आहेत. फक्त सकाळी उठल्यावर तोंड सुकतं आणि दहा वाजेपर्यंत ठीक होतं, त्याला नाही. आणि काही खुणा अशा आहेत की त्या असतील तर गोळी बंद करण्याची वाटसुद्धा बघू नये. कानाखाली, गालफुगीत सुजते तिथे, गाठ किंवा सूज येऊन जात असेल किंवा राहिली असेल, पायांवर न दुखणारे लाल-जांभळे ठिपके उमटत असतील, पायाला मुंग्या-बधिरता, बोटं थंडीत पांढरी पडणं, सुका खोकला जो जातच नाही, सांधे सकाळी आखडणं, किंवा पोटॅशियम कमी झालं म्हणून कधी ॲडमिट व्हावं लागलं असेल. आणि दातांची एक खास खूण आहे, ती नीट सांगते कारण तुमच्या दाढांचा प्रश्न तिथेच आहे.

मागे माझ्याकडे भांडुपच्या एक शिक्षिका आल्या होत्या, वय ५२. वर्गात टेबलावर बाटली, दर पाच मिनिटांनी घोट, मुलं पण म्हणायची बाई पाणी प्या. त्यांची एएनए निगेटिव्ह आली होती आणि त्यांना सांगितलं गेलं की झालं, तुम्हाला तसलं काही नाही. वर्षभराने दात दुखला म्हणून त्या डेंटिस्टकडे गेल्या, आणि डेंटिस्टने तोंड उघडल्या उघडल्या विचारलं, तुमचे डोळे पण कोरडे पडतात का? कारण कीड होती हिरडीलगत, दातांच्या मुळाशी, आणि खालच्या पुढच्या दातांनासुद्धा. ते दात सहसा सगळ्यात शेवटी किडतात, कारण जिभेखालून लाळ येते ती सतत त्यांच्यावरून वाहते. लाळच नसेल तर ते संरक्षण गेलं. गोड खाल्ल्याची कीड दाढांच्या खाचांमध्ये बसते, कोरड्या तोंडाची कीड हिरडीच्या कडेने धावते. तुमच्या दोन दाढा कुठे किडल्या, वरच्या खाचेत की हिरडीलगत, हे डेंटिस्टला फोन करून विचारा. दोन मिनिटांचं काम आहे आणि मला कुठल्याही पॅकेजपेक्षा त्या उत्तरात जास्त रस आहे.

त्या बाईंचं पुढे काय झालं ते आकड्यांसकट सांगते म्हणजे टेस्ट कशा चालतात ते कळेल. आधी डोळे. खालच्या पापणीच्या आत फिल्टर पेपरची बारीक पट्टी अडकवतात आणि पाच मिनिटं बघतात ती किती भिजली, याला शर्मर टेस्ट म्हणतात, कुठल्याही बऱ्या डोळ्यांच्या दवाखान्यात होते आणि खर्चाला फारशी नाही. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर कोरडेपणा खरा. त्यांची उजवीकडे ३, डावीकडे ४. मग लाळ. तासभर काही खाल्लं-प्यायलं नाही, शांत बसून १५ मिनिटं तोंडात जमेल ती लाळ न चघळता कपात सोडायची. दीड मिली किंवा कमी म्हणजे कमी. त्यांची ०.९ मिली निघाली, म्हणजे मिनिटाला ०.०६, मर्यादा ०.१ ची. मग रक्त, पण या वेळी नुसती एएनए नाही, तर अँटी-एसएसए, जिला रो असंही म्हणतात, ती. ती जोरात पॉझिटिव्ह.

हे इथे थांबून सांगावंसं वाटतं, कारण नेमकी इथेच गल्लत होते. एएनए निगेटिव्ह असूनही एसएसए पॉझिटिव्ह असू शकते, कारण एएनए ज्या पेशींवर बघतात त्यांच्यावर ही अँटीबॉडी कधीकधी नीट दिसतच नाही. म्हणून शोग्रेनचा संशय असेल तर चिठ्ठीवर एसएसए नाव घालून मागायची, लॅबमध्ये ती एएनए प्रोफाइल किंवा ईएनए या नावाने होते. म्हणजे तुमची १:८० पॉझिटिव्ह जशी घाबरण्यासारखी नाही, तशी बाईंची निगेटिव्ह निर्धास्त होण्यासारखी नव्हती.

डॉक्टर मग गुण मोजतात. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे एसएसएला ३, ओठाच्या बायोप्सीला ३, शर्मरला १, लाळेला १ आणि डोळ्यांवर रंग टाकून दिसणाऱ्या जखमांना १, आणि ४ झाले की शोग्रेन धरतात. बाईंचे ३ अधिक १ अधिक १, पाच झाले, बायोप्सीची गरजच पडली नाही. हे निकष मुळात संशोधनासाठी बनवलेत, त्यामुळे तीनवर अडकलेल्या पेशंटला डॉक्टर आपल्या समजेने बघतात, पण हिशोबाची दिशा हीच. त्याआधी हेपटायटिस सी आणि एचआयव्हीची टेस्टही करतात, कारण तेही हुबेहूब असाच कोरडेपणा देऊ शकतात, त्यात तुमच्या चारित्र्यावर कुणी शंका घेत नाहीये.

एसएसए निगेटिव्ह आली तर? सुमारे तिसरा हिस्सा पेशंटमध्ये ती निगेटिव्हच असते. शर्मर आणि लाळ दोन्ही खरोखर कमी आणि एसएसए नाही, अशा वेळी खालच्या ओठाच्या आतून बायोप्सी करतात. भूल देऊन सेंटिमीटरभर चीर, आतून मोहरीएवढ्या चार-सहा ग्रंथी काढतात, एखाद-दोन टाके, दुसऱ्या दिवशी मऊ भात. थोड्या लोकांना तिथे बधिरपणा राहतो, हे आधी सांगायला हवं. आणि स्लाइड वाचणारा पॅथॉलॉजिस्ट सरावातला हवा, कारण ४ चौरस मिलिमीटरमध्ये पेशींचे पुंजके मोजायचे असतात, नुसतं जुनाट सूज आहे असा रिपोर्ट आला तर त्याचा उपयोग होत नाही.

तुमच्या घरात जुने रिपोर्ट असतील तर त्यातही एक सुगावा दडलेला असतो जो बहुतेकदा कुणी बघत नाही. लिव्हरच्या रिपोर्टमध्ये टोटल प्रोटीनच्या खाली ग्लोब्युलिन असतं. बाईंचं ४.८ होतं, अल्ब्युमिन ३.९, म्हणजे नेहमीच्या उलटं, आणि शरीरातली सूज दाखवणाऱ्या दोन टेस्टपैकी ईएसआर ७०, सीआरपी मात्र नॉर्मल. हे चित्र शोग्रेनमध्ये बऱ्याचदा दिसतं, कारण प्रतिकारशक्ती गरजेपेक्षा जास्त अँटीबॉडी बनवत बसलेली असते. त्यांच्या दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टमध्येही ते तसंच होतं.

आता मिस्टरांचा मुद्दा, आणि तो मला मनापासून पटत नाही. आजार मुळापासून जात नाही हे खरंय, पण कळल्यावर बदलतं ते बरंच काही आहे. लाळ कमी आहे हे नक्की झालं की डेंटिस्ट साध्या टूथपेस्टऐवजी जास्त फ्लोराइडची, ५००० पीपीएमची देतो, तीन-चार महिन्यांनी फ्लोराइड वार्निश लावतो, आणि उरलेले दात वाचतात. पिलोकार्पिन नावाची गोळी आहे, ५ मिलिग्रॅमची, ग्रंथींत जे शिल्लक आहे त्याच्याकडून लाळ काढून घेते. घाम खूप येतो तिने, मुंबईत हे सांगायलाच हवं, आणि दमा ताब्यात नसेल किंवा डोळ्याचा एक विशिष्ट काचबिंदू असेल तर ती चालत नाही, म्हणून डॉक्टरांशिवाय नाही. शिक्षिकाबाईंनी कमी डोसपासून सुरुवात केली, दुपारच्या तासांआधी घेतात, आता वर्गात बाटली असते पण तास संपेपर्यंत उघडावी लागत नाही. डोळ्यांत दिवसात चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर बिन-प्रिझर्व्हेटिव्हचे, एकेका डोसच्या छोट्या नळ्यांतले घ्यायचे, कारण साध्या बाटलीतलं प्रिझर्व्हेटिव्हच बुबुळाला त्रास देत राहतं. त्याने भागलं नाही तर सायक्लोस्पोरिनचे थेंब, किंवा अश्रू नाकात वाहून जातात त्या बारीक छिद्राला बूच.

आणि दुसरं असं की हा आजार ग्रंथींपुरता राहीलच असं नाही. थोड्या लोकांत फुफ्फुस, किडनी, नसा यांच्यात जातो, आणि शंभरातल्या साधारण पाचजणांना आयुष्यात कधीतरी लिम्फोमा होतो, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. पंचाण्णव जणांना होत नाही हेही तितकंच लक्षात घ्या. पण आजार माहीत असलेल्या माणसाच्या कानाखालची न जाणारी गाठ डॉक्टर लगेच तपासतात, माहीत नसलेल्याला दाताची सूज म्हणून अँटिबायोटिक मिळत राहतं. जी वाचणारी मुलगी अजून मूल होण्याच्या वयाची आहे आणि तिला हाच त्रास आहे, तिने तर एसएसए बघायलाच हवी. ही अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जाते आणि शंभरातल्या एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, आधी कळलं असेल तर गरोदरपणात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून लक्ष ठेवता येतं.

तुमच्यासाठी माझा क्रम असा. या आठवड्यात डेंटिस्टला दाढांचं विचारा, एचबीएवनसी करा, सेट्रीझिनचं डॉक्टरांशी बोला. गोळी बंद असताना तिसऱ्या आठवड्यात शर्मर करून घ्या, गोळी चालू असताना केली तर तिचाच परिणाम मोजाल. लाळ घरीही मोजता येईल, सकाळी, पाच मिलीच्या सिरिंजने, फेस सोडून फक्त पाणी मोजायचं, त्यावरून निदान होत नाही पण डॉक्टरांना सांगायला एक आकडा मिळतो. दोन्ही कमी आले, किंवा कीड हिरडीलगत निघाली, तर एसएसएची चिठ्ठी घ्या आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांध्यांच्या आणि प्रतिकारशक्तीच्या अशा आजारांच्या डॉक्टरांकडे जा. केईएममध्ये त्यांचा वेगळा विभाग आहे, गर्दी असते, पहाटेची लोकल पकडून जा. दोन्ही नॉर्मल आले आणि तोंडही सुधारलं, तर एसएसए करू नका. पुन्हा एखादा रेंगाळलेला छोटा पॉझिटिव्ह आकडा हातात पडेल आणि झोप परत उडेल.

रात्री उशाशी पाणी ठेवा पण घोट घोट, ग्लासभर नाही, नाहीतर लघवीला उठणं वाढतं. लिंबाच्या गोळ्या चघळू नका, आंबटपणाने उरलेलं इनॅमल जातं, झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंगगम चालेल. आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर तोंड कोरडं पडतं एवढंच सांगू नका. म्हणा, नऊ महिने झाले, रोज, चपाती पाण्याशिवाय उतरत नाही, डोळ्यांत वाळू आहे, दोन दाढा गेल्यात, आणि गोळी बंद करून इतके दिवस झालेत.